कृत्रिम श्वसनानंतरचा घोगरेपणा व धाप : स्वरयंत्र आणि श्वासनलिकेच्या संकोचाचा मराठवाड्याच्या संदर्भात परिचय

प्रस्तावना :

अतिदक्षता विभागातून रुग्ण जिवंत बाहेर आला की नातेवाइकांच्या दृष्टीने आजार संपलेला असतो. पुढील काही आठवड्यांत त्याचा आवाज बसलेला राहतो, जिना चढताना धाप लागते; परंतु एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला इतका अशक्तपणा असणारच, असे मानून घरातील मंडळी त्याकडे दुर्लक्ष करतात. काही रुग्णांच्या बाबतीत हा समज बरोबरही असतो. मात्र काहींच्या बाबतीत घसा व छाती यांच्या मधल्या नळीत एक व्रण हळूहळू आकसत असतो आणि श्वासाची वाट आठवड्यागणिक अरुंद होत असते. हा विकार ओळखता येतो व त्यावर उपचारही आहेत. त्याची ओळख उशिरा पटते, हीच त्यातील मुख्य अडचण होय.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत या प्रश्नाला दोन स्थानिक संदर्भ आहेत. पहिला सर्वांच्या स्मरणात आहे. मार्च 2021 च्या अखेरीस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्वाधिक सक्रिय कोविड रुग्ण असलेल्या देशातील दहा जिल्ह्यांची जी यादी दिली, तीत नांदेडचा समावेश होता. त्या काळात अनेक रुग्णांना दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. दुसरा संदर्भ जुना आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. तो म्हणजे कीटकनाशकांच्या विषबाधेचा. कापूस, तूर, सोयाबीन पिकविणाऱ्या या भागात ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके वर्षानुवर्षे घरोघरी राहिली आहेत. ती पोटात गेलेला रुग्ण बहुधा तरुण असतो, त्याची फुप्फुसे मुळात निरोगी असतात आणि दोन-तीन आठवडे श्वास चालू ठेवता आला तर तो पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणूनच त्याला व्हेंटिलेटरवर दीर्घकाळ ठेवले जाते, आणि म्हणूनच नंतरच्या संकोचाचा धोकाही त्याच्या वाट्याला येतो. प्रस्तुत लेखात याच रुग्णाला केंद्रस्थानी ठेवून विषयाची मांडणी केली आहे.

नळी कोठे टेकते? :

व्हेंटिलेटरची नळी तोंडातून घशात, तेथून दोन स्वररज्जूंच्या मधून श्वासनलिकेत जाते. प्रौढ पुरुषासाठी सामान्यतः आठ मिलिमीटर अंतर्व्यासाची नळी वापरतात. तिचा बाहेरचा व्यास सुमारे अकरा मिलिमीटर भरतो. तिच्या खालच्या टोकाजवळ एक फुगा असतो. रुग्णालयात त्यास इंग्रजीप्रमाणे 'कफ' म्हणतात, पण मराठीत कफ म्हटले की बेडकाच आठवतो. त्यामुळे येथे फुगा हाच शब्द वापरला आहे. हा फुगा हवेने भरला की नळी व श्वासनलिका यांमधील फट बंद होते, यंत्राची हवा वर निसटत नाही आणि घशातील स्राव खाली उतरण्यास बऱ्याच अंशी अटकाव होतो.

या मार्गात नळी दोन ठिकाणी शरीराला टेकते. पहिले ठिकाण स्वरयंत्राच्या मागच्या बाजूस आहे. घसा वळणदार असल्यामुळे नळी सरळ मधोमध न राहता मागे रेलते आणि स्वररज्जूंची मागची टोके ज्या दोन लहान कूर्चांवर बसविलेली असतात, त्या ॲरिटिनॉइड कूर्चांच्या आतील बाजूंवर तिचा भार येतो. दुसरे ठिकाण स्वररज्जूंच्या खाली, श्वासनलिकेत, फुग्याच्या पातळीवर आहे. पहिल्या जागी नळीची कडा घासते, दुसऱ्या जागी फुगा चारही बाजूंनी दाबतो. दोन्ही जखमांचे स्वरूप, लक्षणे व उपचार वेगळे असल्याने हा भेद आरंभीच लक्षात घेणे इष्ट ठरते.

फुग्याचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. श्वासनलिकेच्या अस्तरातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त ज्या दाबाने वाहते, त्याहून फुग्याचा दाब अधिक झाला की तेथील रक्तप्रवाह मंदावतो. हा दाब साधारणपणे 30 च्या पुढे गेल्यावर अस्तर फिकट पडू लागते व 50 च्या आसपास प्रवाह जवळजवळ थांबतो. म्हणून फुग्याचा दाब 20 ते 30 या मर्यादेत ठेवावा असा संकेत आहे. तो मोजण्यासाठी एक छोटे दाबमापक मिळते. ते नसेल तेथे बाहेर लोंबणारी फुग्याची लहान पिशवी बोटांनी दाबून अंदाज घेतला जातो. हा अंदाज अनुभवी हातांचाही चुकतो. शिवाय 30 ही मर्यादा सामान्य रक्तदाब असलेल्या माणसासाठी आहे. रक्तदाब खालावलेल्या रुग्णाच्या अस्तरास त्याहून कमी दाबही घातक ठरू शकतो, आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांचा रक्तदाब अनेकदा खालावलेलाच असतो.

जखमेपासून संकोचापर्यंत :

रक्त न मिळालेल्या अस्तरावर प्रथम सूज येते, नंतर ते सोलवटून तेथे क्षत पडते. दाब तसाच राहिला तर क्षत खोल जाऊन खालच्या कूर्चेपर्यंत पोहोचते. नळी काढल्यावर शरीर ही जखम भरू लागते. आधी तेथे लालसर, ठिसूळ मांसांकुर वाढतात. पुढे त्यांची जागा तंतुमय व्रणऊती घेते. हातावरील भाजल्याचा व्रण कातडी ओढून घेतो, तसाच हा व्रणही आकसतो. फरक इतकाच की तो वर्तुळाकार असल्यामुळे आकसताना नळीचे तोंड आवळतो. ही क्रिया नळी काढल्यानंतर काही आठवडे चालते. त्यामुळे रुग्ण घरी जाताना चांगला असतो आणि लक्षणे बहुधा पुढील दोन-तीन महिन्यांत प्रकट होतात. घरी सोडण्याच्या दिवशी श्वास मोकळा होता, या गोष्टीवरून पुढे काहीही सिद्ध होत नाही.

स्वररज्जूंच्या लगेच खाली मुद्रिका नावाची कूर्चा असते. श्वासनलिकेच्या इतर कूर्चा घोड्याच्या नालेसारख्या, मागे उघड्या असतात. मुद्रिका मात्र अंगठीसारखी पूर्ण वर्तुळाकार आहे. आत सूज आली तर तिला बाहेरच्या बाजूस पसरायला वाव नसतो. म्हणून रुग्णाच्या मानाने मोठी नळी घातली गेली असेल, तर या भागाला विशेष इजा संभवते.

या विकाराचा इतिहास कृत्रिम श्वसनाइतकाच जुना आहे. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या श्वासनलिकेत गळ्यातून नळी बसविली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रबरी पिशव्या दाबून त्यांचा श्वास चालू ठेवला. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथे मानला जातो. पुढे ही पद्धत रूढ झाली, रुग्ण वाचू लागले आणि वाचलेल्यांमध्ये श्वासनलिकेचे संकोच दिसू लागले. 1969 च्या सुमारास अमेरिकेतील कूपर व ग्रिलो यांनी या संकोचाचे मूळ फुग्याच्या दाबात असल्याचे दाखवून दिले. त्या वेळचे फुगे लहान व ताठ असत. त्यानंतर मोठ्या आकाराचे, पातळ व कमी दाबाचे फुगे प्रचारात आले आणि विकाराचे प्रमाण घटले. परंतु अधिक हवा भरल्यास हा सुधारित फुगाही जुन्यासारखाच वागतो.

विषबाधेच्या रुग्णात धोका अधिक का? :

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील विष शरीरातील कोलिनएस्टरेज या विकराला निकामी करते. परिणामी तोंडात लाळ व फुप्फुसांत स्राव यांचा पूर येतो, स्नायू फडफडतात आणि नंतर लुळे पडतात. पहिल्या धोक्यातून रुग्ण सावरला असे वाटत असतानाच एक ते चार दिवसांच्या अवधीत मान उचलता न येणे व श्वासाचे स्नायू थकणे असा दुसरा टप्पा येऊ शकतो. 1987 साली श्रीलंकेतील सेनानायके व करालिएड्डे यांनी त्याचे वर्णन केले व त्यास 'मधला लक्षणसमूह' असे नाव दिले. या टप्प्यातून बाहेर पडण्यास कधी एक आठवडा, कधी तीन आठवडे लागतात आणि तेवढे दिवस नळी घशातच असते.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. विषाच्या स्रावांवर उतारा म्हणून ॲट्रोपिन मोठ्या प्रमाणात द्यावे लागते. त्याने रुग्ण वाचतो, पण तो भ्रमिष्टही होतो. हातपाय झाडतो, मान हलवतो, कधी फुगा भरलेल्या अवस्थेतच नळी उपसून काढतो. प्रत्येक हालचालीबरोबर नळी त्याच क्षतावर घासते, आणि उपसलेली नळी घाईने पुन्हा घालताना नवी इजा होते. दुसरी गोष्ट म्हणजे उलट्यांमुळे जठरातील आम्ल व कीटकनाशकातील द्रावक घशापर्यंत येतात व उघड्या क्षताला चुरचुरत ठेवतात. कोविडच्या रुग्णांत कारणे निराळी होती. त्यांना पालथे झोपविले जाई, फुप्फुसे ताठ झाल्याने फुग्यात अधिक दाब ठेवला जाई आणि गळ्यातून नळी बसविण्याची शस्त्रक्रिया संसर्गाच्या भीतीने पुढे ढकलली जाई. जखमेच्या जागा मात्र दोन्हींकडे त्याच.

आवाज आणि श्वास यांची फसवी जोडी :

या विकारात सर्वाधिक गोंधळ होतो तो एका समजुतीमुळे : आवाज जितका बिघडलेला, तितका धोका मोठा. ही समजूत चुकीची आहे आणि ती का चुकीची आहे हे समजून घेण्यासाठी स्वररज्जूंच्या कामाची विभागणी पाहावी लागते. दोन स्वररज्जू पुढे एकत्र बांधलेल्या व मागे उघडझाप करणाऱ्या असतात, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. त्यांचा पुढचा मऊ भाग कंप पावून आवाज निर्माण करतो. मागचा कूर्चायुक्त भाग श्वास घेताना फाकतो व हवेला वाट देतो.

एका ॲरिटिनॉइड कूर्चेवर मांसांकुराची गाठ वाढली, किंवा एक स्वररज्जू लुळी पडली, तर दोन्ही रज्जू नीट मिटत नाहीत. हवा निसटते, आवाज घोगरा व दमलेला होतो. पण वाट उघडीच असल्यामुळे श्वासाला अडचण फारशी येत नाही. याउलट दोन्ही ॲरिटिनॉइड कूर्चांच्या मध्ये व्रणाचा पूल तयार होऊन त्या एकमेकींजवळ बांधल्या गेल्या, तर रज्जू कायम मिटल्यासारख्या राहतात. मिटलेल्या रज्जूंतून आवाज चांगला येतो! असा रुग्ण समोर बसून स्पष्ट बोलतो आणि चार पायऱ्या चढताच गुदमरतो. फुग्याच्या पातळीवर, म्हणजे रज्जूंच्या खाली, संकोच असेल तर आवाज जवळजवळ पूर्ववत असू शकतो. फार तर तो क्षीण होतो व लांब वाक्य एका श्वासात पुरे होत नाही. दिवसाचे चार-पाच तास आवाजावर उपजीविका करणाऱ्या प्राध्यापकवर्गाला घोगरेपणाची काळजी आधी वाटणे स्वाभाविक आहे. या विकारात मात्र आवाज सुधारत असताना धाप वाढत जाणे, हे चिन्ह अधिक गंभीर मानावे लागते.

धाप उशिरा जाणवण्यामागे भौतिकशास्त्रातील एक परिचित नियम आहे. नळीतून प्रवाह संथ असेल तर तिचा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. अठरा मिलिमीटर व्यासाची श्वासनलिका एका जागी सहा मिलिमीटरवर आली, तर व्यास तिपटीने घटतो आणि त्या जागेचा रोध तीनाच्या चौथ्या घाताने, म्हणजे 81 पटींनी वाढतो. प्रत्यक्षात अरुंद जागी प्रवाह संथ न राहता खळाळू लागतो, त्यामुळे रोध याहूनही अधिक असतो. निसर्गाने आरंभी एवढी मोकळीक ठेवली आहे की व्यास निम्मा होईपर्यंत बसलेल्या माणसाला काही कळत नाही. सुमारे आठ मिलिमीटरच्या आसपास श्रमाने धाप लागू लागते आणि पाचच्या आसपास बसल्या जागीही श्वास अपुरा पडतो. म्हणजे जाणीव होते तेव्हा राखीव वाट बहुतेक संपलेली असते.

याच नियमाने साधी सर्दी अशा रुग्णाला का भारी पडते, हेही उलगडते. सर्दीने अस्तर सगळीकडून एक मिलिमीटर सुजले असे मानू. निरोगी नळीचा व्यास अठरावरून सोळा होतो आणि रोध जेमतेम दीडपटीच्या वर जातो. सहा मिलिमीटरच्या संकोचात तीच सूज व्यास चारवर आणते आणि रोध पाच पटींनी वाढतो. त्यात चिकट बेडका अडकला तर घटका मोजण्याची वेळ येते.

एक प्रातिनिधिक उदाहरण :

हा प्रवास प्रत्यक्षात कसा घडतो ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचे नसून अशा रुग्णांत वारंवार आढळणाऱ्या गोष्टींवरून रचलेले आहे.

मुखेड तालुक्यातील सव्वीस वर्षांचा एक शेतकरी तरुण. घरातील वादानंतर कीटकनाशक त्याच्या पोटात गेले. नांदेडला आणल्यावर त्याच रात्री त्याला नळी घालावी लागली. ती सतरा दिवस होती. मधे एकदा त्याने ती स्वतः उपसली व पुन्हा घालावी लागली. चोविसाव्या दिवशी तो घरी आला तेव्हा आवाज घोगरा होता, श्वास मोकळा होता. पाचव्या आठवड्यात कडब्याची पेंडी उचलून नेताना त्याला दम लागू लागला. गावाजवळच्या दवाखान्यात छातीत शिट्टीसारखा आवाज ऐकू आला, म्हणून दम्याचे निदान होऊन फवाऱ्याचे औषध व स्टेरॉइडच्या गोळ्या देण्यात आल्या. चार दिवस बरे वाटले.

या टप्प्यावर जे घडते ते वैद्यकीय कमी आणि सामाजिक अधिक आहे. विष घेतल्याची गोष्ट घरातून बाहेर जाऊ नये, अशी कुटुंबाची धडपड असते. पोलीस जबाब झालेला असतो, लग्नाचा विषय असतो, गावात तोंड दाखवायचे असते. त्यामुळे नव्या डॉक्टरांपुढे "मधे निमोनिया झाला होता" इतकेच सांगितले जाते किंवा काहीच सांगितले जात नाही. डिस्चार्ज कार्ड पेटीच्या तळाशी जाते. त्या कार्डावर विषाचे नाव असते, इंजेक्शने असतात. नळी किती दिवस होती हे असतेच असे नाही. समोर धापणारा तरुण पाहून घशातील नळीचा विचार डॉक्टरांच्या मनात यावा, असा एकही दुवा उरत नाही. गोळ्यांनी वाटलेला आरामही खरा असतो, कारण स्टेरॉइडने व्रणाभोवतीची सूज उतरते. पण तो आराम चुकीच्या निदानाला बळकटी देतो.

नवव्या आठवड्यात त्या तरुणाला सर्दी झाली. रात्री त्याच्या श्वासाचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येऊ लागला. त्याला पुन्हा नांदेडला आणले तेव्हा बोटावरील यंत्राने रक्तातील ऑक्सिजन 96 टक्के दाखविला आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. येथे आणखी एक फसगत संभवते. अशा रुग्णाची फुप्फुसे निरोगी असतात. तो अधिक जोर लावून हवा ओढतो व ऑक्सिजन टिकवितो. जोर संपला की आकडा एकाएकी कोसळतो. त्यामुळे आकडा चांगला आहे म्हणून रुग्ण सुरक्षित आहे, असा निष्कर्ष येथे लागू होत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीऐवजी गळ्यावर ठेवला. आवाज तेथे अधिक मोठा होता. मग त्यांनी आईला बाजूस घेऊन विचारले, "याला कधी मशीनवर ठेवलं होतं का, माय?"

दमा आणि संकोच यांतील फरक :

दम्यात आवाज प्रामुख्याने श्वास सोडताना येतो, धाप येते व जाते, दोन झटक्यांच्या मध्ये माणूस ठीक असतो आणि फवाऱ्याने चटकन फरक पडतो. गळ्यातील संकोचात आवाज श्वास घेताना येतो. तो खरखरीत, कर्कश असतो; संकोच घट्ट झाला की घेताना व सोडताना दोन्ही वेळा येतो. फवाऱ्याने विशेष काही होत नाही आणि धाप मागे न हटता दर आठवड्याला थोडी वाढते. अर्थात ही विभागणी काटेकोर नाही. संकोच छातीच्या पोकळीत असेल तर आवाज श्वास सोडतानाच मोठा होतो आणि दम्याशी त्याचे साम्य वाढते. म्हणून आवाजाच्या प्रकाराहून पूर्वेतिहासाला अधिक महत्त्व द्यावे लागते. मागील काही महिन्यांत नळी घातली गेली असेल आणि आता धाप वाढत असेल, तर अन्य काही सिद्ध होईपर्यंत तो संकोच मानावा, हा संकेत तज्ज्ञ पाळतात. रात्रीच्या श्वासाचा आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून डॉक्टरांना ऐकविणे ही साधी गोष्टही उपयोगी पडते, कारण दिवसा शांत बसलेल्या रुग्णाचा आवाज अनेकदा ऐकूच येत नाही.

निदानाचे पहिले पाऊल अवघड नाही. नाकातून घालावयाच्या बारीक लवचीक दुर्बिणीने, रुग्ण बसलेला असताना, कान-नाक-घसा विभागात काही मिनिटांत स्वररज्जू दिसतात. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या जिल्ह्यातील रुग्णांना त्या दृष्टीने जवळच्या आहेत. रज्जू हलत नसतील तर त्या लुळ्या पडल्या आहेत की व्रणाने बांधल्या गेल्या आहेत, हे नुसत्या दिसण्यावरून ठरत नाही. भूल देऊन ॲरिटिनॉइड कूर्चा उपकरणाने हलवून पाहावी लागते. रज्जूंखालच्या संकोचाची लांबी व पातळी यांसाठी मान व छातीचा सीटी स्कॅन करतात.

उदाहरणातील तरुणाच्या स्वरयंत्रात मागच्या बाजूस मांसांकुराची एक गाठ दिसली. घोगरेपणा तिचा होता. धापेचे कारण तिच्याखाली, फुग्याच्या पातळीवर होते : दीड सेंटिमीटर लांबीचा संकोच, आतील व्यास पाच मिलिमीटर. एकाच नळीच्या या दोन स्वतंत्र जखमा होत्या.

उपचार व त्यांच्या मर्यादा :

श्वास कोंडत असताना ऑक्सिजन, ॲड्रेनॅलिनची वाफ व शिरेतून स्टेरॉइड देऊन सूज उतरविता येते. व्रण त्याने हटत नाही, फक्त काही तास हाती येतात. त्या अवधीत गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागलीच, तर ती शक्यतो संकोचाच्या जागेतून किंवा अगदी लगत बसवावी असे शल्यतज्ज्ञांचे मत आहे. घाईत ती निरोगी भागात बसविली गेली तर तेथे दुसरी जखम होते आणि पुढे कापून जोडण्यासाठी उपलब्ध असलेली चांगली नलिका कमी होते.

मुख्य उपचाराची निवड संकोचाच्या लांबीवर व कूर्चेच्या अवस्थेवर अवलंबून असते. संकोच एक सेंटिमीटरहून आखूड, पडद्यासारखा पातळ व खालची कूर्चा शाबूत असेल तर दुर्बिणीतून काम भागते. व्रणाला घड्याळातील काही आकड्यांच्या दिशांनी चिरा देतात, मधल्या जागी अस्तर शाबूत ठेवतात आणि मग फुग्याने वाट रुंदावतात. सगळा व्रण गोलाकार जाळून टाकण्याचा मोह येथे टाळावा लागतो, कारण गोलाकार जखम भरताना पुन्हा गोलाकार आकसते. असे रुंदीकरण एकदाच पुरेल याची खात्री देता येत नाही. काहींना ते दर काही आठवड्यांनी करावे लागते.

व्रण लांब व कूर्चा ढासळलेली असेल तर अरुंद भाग कापून काढून दोन टोके एकमेकांस जोडणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे. प्रौढांत श्वासनलिकेचा जवळजवळ निम्म्या लांबीपर्यंतचा भाग असा काढता येऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर जोडावर ताण येऊ नये म्हणून हनुवटीची त्वचा छातीच्या त्वचेला भक्कम टाक्याने बांधतात आणि रुग्ण सुमारे एक आठवडा मान खाली घालून राहतो. हे पाहणाऱ्याला क्रूर वाटते, रुग्णालाही ते सोपे नसते. पण मान मागे गेली तर जोड उसवण्याची भीती असते. ज्यांना ही शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यांच्यासाठी टी अक्षराच्या आकाराची सिलिकॉनची नळी आहे. 1965 च्या सुमारास मॉन्टगोमेरी यांनी ती प्रचारात आणली. तिची एक बाजू गळ्याबाहेर राहते व उरलेली आतून वाट उघडी ठेवते. बाहेरचे तोंड बुचाने बंद केले की रुग्ण बोलू शकतो. मात्र ती रोज स्वच्छ ठेवावी लागते आणि बेडका वाळून अडकल्यास तीही तुंबते.

त्या तरुणाचे दोनदा दुर्बिणीतून रुंदीकरण झाले. दोन्ही वेळा पाच-सहा आठवड्यांत वाट पुन्हा आवळली. तेव्हा कापून जोडण्याचा निर्णय झाला, परंतु लगेच शस्त्रक्रिया करता आली नाही. दम्यासाठी म्हणून घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आधी हळूहळू बंद कराव्या लागल्या, कारण त्या चालू असताना जोड भरून येण्यास विलंब होतो व तो उसवण्याचा धोका वाढतो. व्रणातील दाहही निवावा लागतो. अशा शस्त्रक्रियेचा नियमित अनुभव असलेली पथके हैदराबाद, पुणे, मुंबई यांसारख्या मोठ्या शहरांत असल्याने प्रवास, मुक्काम व मजुरी बुडण्याचा खर्चही कुटुंबास सोसावा लागला. दरम्यान मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याची भेट घालून देण्यात आली. विष ज्या कारणाने पोटात गेले ते कारण घरी तसेच होते आणि ते लपवून ठेवून पुढील उपचार शक्य नव्हते.

शस्त्रक्रियेत दोन सेंटिमीटरचा भाग काढण्यात आला. आठव्या दिवशी हनुवटीचा टाका सुटला. स्वरयंत्रातील गाठीला कात्री लावली नाही. आम्लपित्तावरील औषधे आणि खाकरण्याची सवय मोडणारी वाचा-उपचार पद्धती यांवर तीन महिन्यांत ती विरली. आवाज बहुतांशी परतला. उंच पट्टीत हाक मारताना तो आजही फाटतो, आणि बांधावरून बैलांना हाक देण्याऐवजी तो शिट्टी वाजवितो. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी ठरली आहे. नव्या डिस्चार्ज कार्डावर पहिल्या ओळीत, विषाच्या नावाच्याही आधी, नळी सतरा दिवस होती असे लिहिलेले आहे.